दोन रेघांमधली रिकामी जागा: इंदूरच्या रविवारच्या वर्गातला एक स्तंभालेख

पार्श्वभूमी

इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या सभागृहामागे एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण शाळकरी मुलांना गणित आणि मराठी शिकवतो. मुलं मराठी घरांतली, पण बहुतेकांची शाळा हिंदी माध्यमाची. त्यामुळे एकाच वाक्यात ‘चौरस’ही येतो आणि ‘वर्ग’ही, आणि स्तंभालेखाला मुलं सर्रास ‘दंड आलेख’ म्हणतात.

गेल्या जूनमध्ये वर्गात सातवीतली दोन मुलं आली. मुलगी जन्मापासून अंध. ब्रेल उत्तम वाचते, टेलर फ्रेमवर, म्हणजे अंध मुलांच्या गणिताच्या पाटीवर, बेरजा-वजाबाक्या आमच्यापेक्षा वेगाने करते. मुलाची दृष्टी आठव्या वर्षानंतर हळूहळू गेली. चांगल्या उजेडात त्याला जाड, गडद आकार अजून थोडे जाणवतात आणि आकृत्या कशा दिसायच्या हे त्याला आठवतं. हा फरक पुढे आमच्या सगळ्या निर्णयांत आडवा आला. दोघांची नावं आणि शाळा इथे दिलेली नाही.

मुलीची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “शाळेत सांगतात, आकृतीचं सोडून दे, तुला दुसरा प्रश्न मिळेल. मिळेलही. पण वर्गात सगळे ‘हा दंड वाढला, तो घसरला’ म्हणतात, तेव्हा ही मला घरी येऊन विचारते, आई, वाढला म्हणजे कुठे गेला?”

अडचण

भूमितीचं साहित्य करायचं आम्ही हौसेने अंगावर घेतलं. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक ड्राफ्ट्समन काका आणि कॉलेजच्या दोन मुली पंधरा दिवस खपल्या. चकचकीत फोमचे त्रिकोण, लोकरीच्या कडांचे चौरस, मेंदीच्या कोनात फेविकॉल भरून काढलेल्या रेघांचे चौकोन. टेबलावर मांडल्यावर ते इतकं देखणं दिसत होतं, की तिथेच शंका यायला हवी होती.

मुलीने त्रिकोणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “गोल आहे, थोडा चेपलेला.” चूक तिची नव्हती. फेविकॉलची रेघ वाळताना पसरते आणि कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींत मिसळून तिथे फुगीर ठिपका होतो. डोळा तो ठिपका कोपरा म्हणून माफ करतो, बोट करत नाही. लोकरीच्या चौरसाला तिने ‘केसाळ’ म्हटलं आणि त्याच्या बाजू मोजायच्या सोडून लोकर चिमटीत धरत बसली. फोमचा चकचकीतपणा मुलाला त्रासदायक झाला. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्याच्या उरल्यासुरल्या नजरेवर येई आणि आकार उजेडात विरघळून जाई.

दुसरी गोष्ट मला जास्त खोल वाटली. कडेने उठावाची रेघ असलेला एक चौरस त्यातल्या त्यात नीट जमला होता. मुलीने चारही बाजू तपासल्या, कोपरे मोजले आणि विचारलं, “ताई, तुकडा कुठे गेला?” लहानपणापासून तिने आकार शिकले ते लाकडी ठोकळ्यांवर. तिच्या लेखी चौरस म्हणजे हातात मावणारी एक वस्तू. रेघेच्या आत काहीच नाही आणि तरी तोच चौरस, हे डोळस मूल चित्रं पाहता पाहता न शिकवता शिकतं. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

याच गैरसमजाने आलेखात आमचा घात केला. पाठ्यपुस्तकातला एक स्तंभालेख काकांनी जसाच्या तसा उठावात उतरवला: दोन अक्ष, मागे चौकटींची जाळी, पाच उभे स्तंभ, प्रत्येकाची फक्त बाह्यरेषा. मुलगी अकरा मिनिटं तो कागद चाचपत होती. शेवटी म्हणाली, “खूप साऱ्या उभ्या रेघा आहेत.” तिचं बरोबरच होतं. स्तंभाची रुंदी आणि दोन स्तंभांमधली जागा सारखीच ठेवलेली, आतही गुळगुळीत कागद, बाहेरही तोच. कुठल्या दोन रेघांच्या मध्ये स्तंभ आहे आणि कुठल्या दोघींच्या मध्ये नुसती जागा, हे हाताला कळायला काहीच साधन नव्हतं. त्यात जाळीच्या रेघा अक्षाइतक्याच जाड. मुलगा मात्र तोच कागद दिव्याखाली धरून आठवणीच्या जोरावर उत्तरं सांगत सुटला, आणि ती ऐकून मुलगी मान डोलवायला लागली. आम्हाला दोन रविवार वाटत राहिलं की तिला जमतंय.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शाळेने सुचवलेलाच होता: आकृत्या सोडून द्यायच्या. केंद्रीय बोर्डाच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला आकृतीवर आधारलेल्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न मिळतो, त्यामुळे गुण बुडत नाहीत. आईचा प्रश्न मात्र तसाच राहिला असता.

दुसरा पर्याय तयार साहित्याचा. दिल्लीच्या आयआयटीतल्या कामातून उभ्या राहिलेल्या रेज्ड लाइन्स फाउंडेशनसारख्या संस्था पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या साच्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून उठावात काढतात. रेघा सुबक आणि टिकाऊ असतात, आमच्या फेविकॉलशी तुलनाच नाही. तापवल्यावर काळी शाई फुगून वर येते असा खास कागदही मिळतो, पण त्याला यंत्र लागतं आणि कागदही महाग. आम्ही हे पर्याय नाकारले नाहीत, पुढे ढकलले. रेघ म्हणजे कड हेच मुलीला उमगलं नव्हतं, तोवर उत्तम रेघही तिच्यासाठी रेघच राहिली असती. शिवाय आम्हाला आठवड्याला दोन-तीन नवे आलेख लागणार होते, तेही तिच्या अडचणी पाहून बदललेले.

तिसरा पर्याय एका कॉलेजच्या मुलीने मांडला: प्रत्येक स्तंभाच्या टोकाला त्याची संख्या ब्रेलमध्ये लिहायची. सोपं आणि हमखास. यावर आमचा चांगला वाद झाला. मी विरोधात होते आणि आजही आहे. संख्या टोकाला लिहिली की तो आलेख राहत नाही, तिरपा-तारपा मांडलेला तक्ता होतो. मुलगी संख्या वाचेल आणि लांबीकडे ढुंकूनही बघणार नाही.

उरला चौथा: घरगुती साहित्यच, पण डोळ्यासाठी सजवलेलं नाही, हातासाठी बांधलेलं. तो घेतला.

काय केलं: आकार

ठोकळ्यापासून रेघेपर्यंतच्या वाटेत मधल्या पायऱ्या टाकल्या. जाड पुठ्ठ्यातून चौरस कापला, तो तुकडा आणि त्याची खाच दोन्ही ठेवली. मुलीने तुकडा खाचेत बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग तुकडा माझ्या हातात घेऊन मी तिला रिकाम्या खाचेच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. तुकडा नाही, पण त्याची जागा आहे. त्यानंतर त्याच मापाची मेणदोऱ्याची चौकट कागदावर, आणि तीवर तोच तुकडा ठेवून पाहायचा. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच तुकडा उचलला आणि म्हणाली, “ही त्याची कड आहे. तो निघून गेलाय.” या तीन पायऱ्यांना एक तासही लागला नाही. तो तास आम्ही दीड महिना उशिरा दिला.

मेणदोरा निवडला तो चांभाराच्या दुकानातून आणून. मेणामुळे त्याचे तंतू सुटत नाहीत आणि कोपऱ्यात तो दुमडण्याऐवजी कापून, दोन टोकं नेमकी भिडवून चिकटवता येतो. कोपरा टोचला पाहिजे, ही आमची कसोटी ठरली. डोळे मिटून करंगळीने तपासायचं. बोट न अडता वळलं तर कागद बाद. मुलासाठी पिवळ्या, चमक नसलेल्या कागदावर काळा दोरा. मुलीला रंगाशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे एकच संच दोघांना चालला.

चौरस आणि समभुज चौकोन यांत गोंधळ होई, कारण ती बाजू चिमटीत धरून पुढच्या बाजूवर नेऊन पाहायची आणि दोन्हींत सगळ्या बाजू सारख्याच निघायच्या. कोन तपासायला काकांनी सुताराचा असतो तसा गुण्या जाड पुठ्ठ्यातून कापून दिला. तो आतल्या कोपऱ्यात बसला तर काटकोन, फट राहिली किंवा मावला नाही तर नाही. या गुण्याने पुढे आणखी मोठं काम केलं.

एका बाबतीत मात्र ती डोळस मुलांच्या पुढे निघाली. त्रिकोण उलटा ठेवला की आमची बाकीची मुलं त्याला ‘उलटा त्रिकोण’ म्हणतात, चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याचा पतंग होतो. तिला ठोकळा हातात फिरवायची सवय, त्यामुळे कसाही ठेवा, त्रिकोण तो त्रिकोणच. पण याच सवयीमुळे ती कागदही फिरवायची, आणि आलेखात ते चालणार नव्हतं. म्हणून प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरपा कापला. हातात घेतल्याबरोबर कापलेला कोपरा शोधायचा, मगच वाचायचं.

घनाचं चित्र आम्ही एकदाच करून पाहिलं. दोन चौकोन एकमेकांत अडकल्यासारखं पुस्तकात असतं ते. मुलीला त्यात फक्त अडकलेले चौकोन मिळाले, कारण दूरची बाजू लहान किंवा तिरपी दिसते हा डोळ्याचा अनुभव आहे. ते चित्र टाकून दिलं आणि मिठाईचा रिकामा डबा उलगडून दिला. तेवढ्याने भागलं.

काय केलं: आलेख

पहिला निर्णय भरीव स्तंभांचा. बाह्यरेषा पूर्ण काढून टाकली आणि स्तंभ बारीक रेगमालाच्या, म्हणजे पॉलिश पेपरच्या, पट्ट्यांचे केले. सुरुवातीला खरखरीत रेगमाल आणला होता, पण पाच मिनिटांत बोटाचं टोक बधिर होतं आणि मग ब्रेल वाचता येत नाही, असं मुलीनेच सांगितलं. पट्टी दोन सेंटिमीटर रुंद, मधली जागा एक सेंटिमीटर. दोन्ही मापं मुद्दाम वेगळी, म्हणजे पट्टी सुटली तरी रुंदीवरून चूक लक्षात यावी.

दुसरा निर्णय स्तंभ आडवे ठेवण्याचा. याचं कारण ब्रेलच्या मापात आहे. ब्रेलचं एक घर, म्हणजे एका खुणेच्या टिंबांची जागा, आडवं सुमारे सहा मिलिमीटर जागा घेतं, आणि अक्षर लहान-मोठं करता येत नाही. उभ्या स्तंभाखाली पट्टी आणि जागा मिळून तीन सेंटिमीटर, म्हणजे पाच घरं. आमची माहिती होती ‘रविवारी सकाळी घरी काय केलं’: पोहे ९, पराठे ५, उपमा ३, साबुदाणा २. ‘पोहे’ला चार घरं, ‘पराठे’ला पाच, पण ‘साबुदाणा’ला आठ. उभ्यात खुणेची अक्षरं वापरून वेगळी यादी द्यावी लागली असती आणि तिचा अर्धा वेळ यादी ते स्तंभ अशा येरझाऱ्यांत गेला असता. आडव्यात डावीकडे पूर्ण शब्द, लगेच त्याची पट्टी. मजकूर वाचावा तसंच.

एका कुटुंबाला एक सेंटिमीटर असं प्रमाण घेतलं. खालच्या अक्षावर दर सेंटिमीटरला खूण, संख्या मात्र एक सोडून एक खुणेला. ब्रेलमध्ये अंकाआधी अंकचिन्ह येतं, त्यामुळे साधा ‘४’ लिहायलाही दोन घरं लागतात आणि एकेका सेंटिमीटरवर अंक एकमेकांना चिकटले असते.

तिसरा निर्णय जाळी काढण्याचा. काकांना तो पटेना. “जाळी नसली तर पट्टीचं टोक कितीवर आहे ते वाचणार कसं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. जाळी काढल्यावर मुलगी टोकापासून सरळ खाली अक्षावर बोट आणायची आणि वरच्या पट्टीपासून येताना ते हमखास सेंटिमीटरभर घसरायचं. पोहे कधी ८, कधी १०. तडजोड म्हणून काकांनी कागदाच्या मागून शिंप्याचं दातेरी चाक फिरवून ठिपक्यांची हलकी जाळी काढायचं ठरवलं. मागून दाबलेलं पुढे उलटं उमटतं. त्या दिवशी त्यांनी चाकानेच डावीकडचा उभा अक्षही काढला, आणि पुढच्या बाजूला तो उजवीकडे आला.

मुलीने कागद चाचपला आणि खळखळून हसली. “काका, पाटीवर ब्रेल लिहितो तसं उजवीकडून डावीकडे काढायचं असतं! मागून टोचतो ना आपण.”

काका म्हणाले, “अगं, चाळीस वर्षं नकाशे काढले, पण कागदाच्या पाठीवर कधी नाही.”

गुण्याची कल्पना तिथेच आली, आणि ती काकांचीच. खालच्या अक्षाच्या जागी अगरबत्तीची काडी चिकटवली, म्हणजे पुठ्ठ्याचा गुण्या तिला टेकून सरकवता येईल. गुण्याची एक बाजू काडीवर टेकलेली, दुसरी पट्टीच्या टोकाला भिडेपर्यंत सरकवायची. मग त्याच उभ्या कडेवरून खाली आलं की बोट नेमकं अक्षावरच्या खुणेवर. जाळीची गरजच उरली नाही. कागद सरकू नये म्हणून तो टाचण्यांनी पाटावर पक्का केला, नाहीतर गुण्याबरोबर कागदही चालू लागायचा.

चौथ्या निर्णयात आम्ही चुकलो. पट्ट्यांआधी पायरी म्हणून आम्ही मण्यांचे स्तंभ केले होते: नऊ घरी पोहे तर नऊ मणी. मुलगी आनंदाने मणी मोजायची. आम्ही तीन आठवडे तेच चालवलं. रेगमालाची पट्टी आल्यावर ती पट्टीतही जोड शोधायला लागली, नख घालून. मग प्रमाण बदललं, एका सेंटिमीटरला दोन, तेव्हा गाडी पूर्ण अडली. मण्यांनी तिला स्तंभ म्हणजे मोजायची रास असं शिकवलं होतं. लांबी आणि प्रमाण ही कल्पना त्यात कुठेच नव्हती. शेवटी एकच पट्टी दोन वेगवेगळ्या अक्षांवर ठेवून दाखवली. तीच सहा सेंटिमीटरची पट्टी इथे ६ सांगते, तिथे १२. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “म्हणजे आधी अक्ष वाचायचा?” हो, आधी अक्षच वाचायचा. त्या प्रश्नानंतर ती मणी मागेनाशी झाली.

परिणाम

या नव्या आलेखांच्या नवव्या रविवारी आम्ही दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, आधी न पाहिलेला पाच पट्ट्यांचा आलेख दिला. मुलीने चार मिनिटांच्या आत तो वाचला. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान पट्टी तिने गुण्याशिवाय, दोन हात पट्ट्यांच्या टोकांवर ठेवून सांगितली. किमतींपैकी चार बरोबर, एक चुकली: दोनच्या प्रमाणात ५ ही किंमत दोन खुणांच्या मध्ये येते, ती तिने ६ सांगितली. अर्धं अंतर बोटाला नीट जाणवत नाही. आता मध्ये अर्ध्या उंचीची खूण घालतो.

मुलगा तिच्याहून लवकर मोकळा झाला, पण त्याने गुण्या हातात घेतलाच नव्हता. पिवळ्यावरचा काळा त्याला दिसत होता आणि तो अंदाजाने बोलत होता. दोन किमती चुकल्या. त्याची नजर आणखी कमी होणार असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलंय. त्याला आतापासूनच डोळे मिटून वाचायची सवय लावावी का, यावर आमच्यात आणि त्याच्या वडिलांत अजून एकमत नाही.

शाळेतला अनुभव संमिश्र आहे. पुस्तकातला स्वाध्याय असेल तर किमती आधीच माहीत असतात. एक आलेख करायला चाळीस मिनिटं लागतात, आई आदल्या दिवशी तो नेऊन देते आणि मुलगी वर्गाबरोबर सोडवते. शिक्षकांनी फळ्यावर ऐन वेळी नवा आलेख काढला, की ती पुन्हा नुसती ऐकत बसते. याला आमच्याकडे उत्तर नाही.

पावसाळ्याने एक धडा दिला. ऑगस्टमध्ये कागद एकावर एक रचून कपाटात ठेवले होते. दमट हवेत फेविकॉल मऊ झाला, दोरे वरच्या कागदाला चिकटून सुटून आले आणि खालच्या कागदांची ब्रेल टिंबं वजनाने बसली. अकरा आलेख वाया गेले. आता कागद पुस्तकांसारखे उभे ठेवतो, मध्ये बटर पेपर.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी मुलीच्या हातात काहीही द्यायच्या आधी मी तिला विचारेन, की चौरस म्हणजे तिच्या मनात काय आहे. एका प्रश्नाने तो दीड महिना वाचला असता. मण्यांना तीन आठवड्यांऐवजी एकच तास देईन. दोन मुलांना एका कागदावर बसवणार नाही, निदान पहिल्या महिन्यात तरी; मुलाच्या उत्तरांनी मुलीची अडचण झाकली गेली आणि आम्हाला ती झाकलेलीच बरी वाटली. आडव्या पट्ट्यांचा निर्णय बदलणार नाही, पण कागद पाव फेरी फिरवून उभे स्तंभ लवकर दाखवेन, कारण शाळेत ‘उंच’ आणि ‘ठेंगणा’ हे शब्द येतात आणि तिच्याकडे तोवर फक्त ‘लांब’ आणि ‘आखूड’ होते.

सध्या जोडस्तंभालेखावर काम चाललंय. शेजारी-शेजारी दोन पट्ट्या, दोन वेगळे पोत. रेगमालाशेजारी गुळगुळीत कार्डशीट लावली तर ती तिला रिकामी जागा वाटते. मखमल लावली तर रेगमालाशी फरक लगेच कळतो, पण तिच्या मऊ कडेवर गुण्या नीट टेकत नाही. गेल्या रविवारी मुलगी घरून आईच्या साडीच्या जरीच्या काठाचा तुकडा घेऊन आली, कात्रीने सरळ कापलेला. त्याची कड पक्की आहे. काकांनी तो दोन सेंटिमीटर रुंद आहे का हे मोजून पाहिलं. तीन मिलिमीटर जास्त निघाला.